१३६ किलो चहा गेला कुठे? घरची उचल, मोफत नमुने आणि त्यांच्या नोंदी

शुक्रवार पेठेतलं हे दुकान सुट्या चहा पावडरीचं आहे. खाली दुकान, वर घर. भिंतीला लागून पत्र्याचे मोठे डबे, त्यात ममरी, बारीक डस्ट आणि काकांनी स्वतः जमवलेलं मिश्रण. भवानी पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडून पोती येतात, इथे चाळून, मिसळून, वजन करून विकली जातात. गिऱ्हाईक दोन प्रकारचं: पेठेतली घरं आणि पुण्यातली अमृततुल्यं. मी या दुकानाचे हिशेब गेली चार वर्षं पाहते. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही.

३१ मार्च २०२५ ला संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही माल मोजला. संगणकात शिल्लक होती १,४०० किलो. काट्यावर भरली १,२६४. कमी पडले १३६ किलो. खरेदीचा सरासरी भाव किलोला ३०० रुपये, म्हणजे ४०,८०० रुपयांचा माल नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, आठ वर्षं झाली त्या पोराला. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वजन करणारा मुलगा तेव्हा बाहेर शटरपाशी झाडू मारत होता. मला ते फार लागलं, कारण माझ्या मनात वेगळीच शंका होती. वर्षभरात मी या दुकानाची एकही उचलीची, म्हणजे मालकाने घरासाठी नेलेल्या मालाची, नोंद केलेली नव्हती, आणि वर सहा माणसांचं घर चहा पीत होतं. ही चूक माझीही होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

आधी वर्षाचे आकडे सांगते. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समजायला सोपं जावं म्हणून भाव एकच धरला आहे. १ एप्रिल २०२४ ला शिल्लक ९०० किलो, म्हणजे २,७०,०००. वर्षात खरेदी १२,००० किलो, ३६,००,०००. विक्री ११,५०० किलो, किलोला ४०० प्रमाणे ४६,००,०००. जीएसटी या सगळ्यातून वेगळा काढलेला आहे. चहावर तो ५ टक्के. ३०० ला घेऊन ४०० ला विकायचं म्हटलं की ढोबळ नफा विक्रीच्या २५ टक्के. एक ग्रॅमही वाया गेला नाही तरी याच्यावर जाऊ शकत नाही. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

कमी पडलेला माल शोधताना

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. काकूंना विचारलं, "घरात महिन्याला चहा किती लागतो?" त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्या हातात दिली. दुधाच्या हिशेबाच्या खुणांमध्ये पेन्सिलीने बारीक अक्षरात "च २" असं लिहिलेलं, दर महिन्याला एकदा. म्हणजे चहा दोन किलो. जुन्या महिन्यांची पानं त्यांनी दुधाच्या हिशेबासाठी जपून ठेवली होती. बारा पानं, बारा खुणा, २४ किलो. त्यातला काही चहा नणंदेकडेही जायचा, तेही त्यांनी न विचारता सांगितलं. सप्टेंबरच्या पानावर आणखी एक खूण होती: "मंडळ २०". २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्या दहा दिवसांत गल्लीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना चहासाठी काकांनी २० किलो पावडर दिली होती. ते स्वतः विसरून गेले होते.

नमुन्यांचा हिशेब काकांच्या गल्ल्यातल्या वहीत सापडला. नवीन अमृततुल्य उघडलं किंवा एखादं कँटीन दुसऱ्याकडून माल घेतंय असं कळलं की काका पाव किलोचं खाकी पाकीट घेऊन स्वतः जातात. म्हणतात, उद्या सकाळचा पहिला चहा याचा करून बघा. वहीत तारीख, कुठे दिलं आणि पुढे गिऱ्हाईक लागलं की नाही, एवढं लिहिलेलं. वर्षात २४० पाकिटं, म्हणजे ६० किलो.

त्याच वहीत "योजना" म्हणून आणखी एक यादी होती: दहा किलो घेणाऱ्याला एक किलो वर. काका ती नमुन्यातच धरायला निघाले होते. ती मी बाजूला काढली. योजनेतला अकरावा किलो हा नमुना नाही. गिऱ्हाइकाने दहा किलोची किंमत देऊन अकरा किलो घेतले, आणि बिलातही अकरा किलोच लिहिले होते. त्यामुळे तो माल साठ्यातून आधीच वजा झाला होता. नमुन्यात पुन्हा धरला असता तर एकच माल दोनदा गेला असता. जीएसटीतही हा फरक केलेला आहे: ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात (क्रमांक ९२/११/२०१९) "एकावर एक मोफत" म्हणजे एका किमतीत दोन वस्तू असंच मानलं आहे, आणि त्यावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट, जात नाही. काहीच मोबदला न घेता दिलेल्या नमुन्यावरचं मात्र जातं.

आता बेरीज करा. घर २४, मंडळ २०, नमुने ६०, एकूण १०४ किलो. १३६ मधून हे गेले की ३२ किलो उरतात. बारा हजार किलो चहा चाळताना, ओतताना उडणारी भुकटी आणि सुटं वजन करताना गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकणारा काटा एवढी घट सहज खातात. हजार किलोमागे पावणेतीन किलोच्या आत आहे ती. अशा नेहमीच्या घटीसाठी मी पैशाची वेगळी नोंद करत नाही. ती विकलेल्या मालाच्या खर्चातच मुरते. तेच जर एखादं पोतं पावसात भिजून फेकलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

मी काकांना बेरीज दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पहिल्यांदा त्या मुलाला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

मंडळाचे वीस किलो कोणाचे?

हा प्रश्न वरवर छोटा दिसतो. मी त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. मंडळाला दिलेला चहा म्हणजे नमुना? देणगी? की उचल?

मी काकांना तीन गोष्टी विचारल्या. मंडळाच्या मांडवात किंवा फलकावर दुकानाचं नाव होतं का? नव्हतं. दुकानाच्या नावाने पावती मिळाली का? पावती नाहीच. मग दिला का? "बाबा द्यायचे, म्हणून मी देतो," काका म्हणाले. हे उत्तर पुरेसं होतं. दुकानाच्या धंद्यासाठी दिलेला माल असता, मांडवावर नावाची पाटी असती, तर जाहिरात म्हणता आलं असतं. इथे घराच्या परंपरेने, घरच्या माणसाने दिलेला माल आहे. म्हणून तो उचलीत. पुष्कळ ठिकाणी असा माल "नमुने" म्हणून दाखवून खर्चात टाकलेला मी पाहिला आहे. मला ते चूक वाटतं. माल कोणाला दिला यावर खातं ठरत नाही, कोणत्या कारणासाठी दिला यावर ठरतं.

नोंदी

घर आणि मंडळ मिळून ४४ किलो, ३०० प्रमाणे १३,२००. हा माल आणताना त्यावर ५ टक्के जीएसटी भरला होता आणि त्याचं क्रेडिट दुकानाने घेतलं होतं. घरात वापरलेल्या मालाचं क्रेडिट मिळत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये "जी" खंडात स्वतःच्या वापरासाठी गेलेला माल आहे, "एच" खंडात भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला. तेव्हा १३,२०० वरचे ६६० रुपये परत करायचे आणि तेही मालकाच्याच अंगावर घालायचे. खरेदी महाराष्ट्रातली असल्यामुळे ते केंद्राच्या सीजीएसटीत आणि राज्याच्या एसजीएसटीत निम्मे-निम्मे होतात.

उचल खाते, नावे: १३,८६०
खरेदी खाते, जमा: १३,२००
इनपुट सीजीएसटी खाते, जमा: ३३०
इनपुट एसजीएसटी खाते, जमा: ३३०
(घरखर्चासाठी २४ किलो व गणेशोत्सवात मंडळास २० किलो चहा पावडर दुकानातून घेतली, त्यावरील क्रेडिट परत केले.)

नमुन्यांची नोंद वेगळी, कारण तो धंद्याचाच खर्च आहे. ६० किलोचे १८,००० आणि परत केलेला कर ९००.

जाहिरात खाते (मोफत नमुने), नावे: १८,९००
खरेदी खाते, जमा: १८,०००
इनपुट सीजीएसटी खाते, जमा: ४५०
इनपुट एसजीएसटी खाते, जमा: ४५०
(अमृततुल्य व कँटीन यांना पाव किलोची २४० पाकिटे नमुना म्हणून मोफत दिली, त्यावरील क्रेडिट परत केले.)

काकांचा मुलगा शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "खरेदी खातं जमा का? माल गेला ना, मग विक्री जमा करू. घराच्या नावाने करासह ४२० च्या भावाने बिल काढतो." हा प्रश्न अगदी बरोबर जागी आला. विक्री म्हणजे दुसऱ्याला माल देऊन पैसे घेणं. काकांनी स्वतःच्या दुकानातून स्वतःच्या घरी नेला. त्यात पैसे मिळाले नाहीत, नफाही झाला नाही. २४ किलो ४०० ने दाखवले असते तर किलोमागे १०० रुपये नफा काकांनी काकांकडूनच कमावला, असं वहीत आलं असतं. म्हणून भाव कायम खरेदीचा. आणि खरेदी खातं जमा करायचं कारण, हा माल विकण्यासाठी घेतला होता तो विकायला उरलाच नाही. व्यापार खात्यात ३६,००,००० च्या खरेदीतून ३१,२०० वजा होतात आणि उरलेली खरेदीच खऱ्या धंद्याची असते. उचल ताळेबंदात भांडवलातून वजा होते, नमुने नफा-तोटा खात्यात जाहिरातीच्या ओळीत जातात.

खाकी पाकिटं आणि त्यावरच्या चिठ्ठ्यांचा खर्च मी हलवला नाही. तो पॅकिंगच्या खर्चात आधीपासून आहे, तिथेच बरा.

अर्धी नोंद केली तर

आता खरी अडचण. दुकानाचा हिशेब टॅली प्राइममध्ये आहे आणि तिथे पैसा आणि माल या दोन वेगळ्या बाजू आहेत. वरची नोंद जर्नलमधून (`F7`) केली की पैशाची बाजू पुरी होते, पण डब्यातले किलो तिथे वजा होत नाहीत. त्यासाठी `Alt+F7` ने `Stock Journal` उघडून नेलेला माल वजा करावा लागतो. बरेच जण यातली एकच करतात. कोणती केली हे नफ्याच्या टक्क्यावरून ओळखता येतं, म्हणून चारही परिस्थिती काकांच्या मुलाला कागदावर मांडून दाखवल्या.

काहीच केलं नाही आणि संगणकातली १,४०० किलोची शिल्लक तशीच धरली: शेवटचा साठा ४,२०,०००, ढोबळ नफा ११,५०,०००, बरोबर २५ टक्के. दिसायला सुंदर. पण ताळेबंदात १३६ किलो असा माल आहे जो दुकानात नाही. सुट्या मालाच्या दुकानात नफा कागदावरच्या भावाशी तंतोतंत जुळला, तर मला आनंद होत नाही, मी मोजायला जाते.

फक्त माल वजा केला, मोजणीप्रमाणे १,२६४ किलो (३,७९,२००) घेतले, पण पैशाची नोंद केली नाही: ढोबळ नफा ११,०९,२००, म्हणजे २४.११ टक्के. बहुतेक दुकानांत हेच घडतं. मोजणी होते, साठा खरा येतो, आणि घरचा चहा गुपचूप "विकलेल्या मालाचा खर्च" बनून बसतो. नफा कमी दिसतो आणि संशय नोकरावर जातो.

फक्त जर्नल केलं, किलो वजा केले नाहीत: खरेदी ३१,२०० ने कमी झाली, पण साठा मात्र ४,२०,०००. ढोबळ नफा ११,८१,२००, २५.६८ टक्के. इथे तो २५ चा आकडा कामाला येतो. ३०० ला घेऊन ४०० ला विकणाऱ्याला २५.६८ मिळूच शकत नाहीत. कमाल मर्यादेच्या वर टक्का गेला, की माल वजा करायचा राहिला आहे असं समजावं.

दोन्ही केलं, १०४ किलो नोंदीसह आणि ३२ किलो घट म्हणून वजा करून साठा १,२६४ वर आणला: खरेदी ३५,६८,८००, ढोबळ नफा ११,४०,४००, २४.७९ टक्के. पंचवीसला जे शेकड्यामागे २१ पैसे कमी आहेत ती ३२ किलोची भुकटी. आता प्रत्येक किलोचा पत्ता लागतो.

निव्वळ नफ्यात काय झालं तेही पाहू. फक्त मोजणी करून थांबलो असतो त्यापेक्षा ढोबळ नफा ३१,२०० ने वाढला, जाहिरातीचा खर्च १८,९०० ने वाढला, म्हणजे नफा १२,३०० ने वाढला. काका क्षणभर नाराज झाले, कारण त्यावर प्राप्तिकर आहे. मी म्हटलं, "काका, हे पैसे आधीही तुमचेच होते. घरच्या चहाचा खर्च धंद्यात टाकला होता, तो काढला." त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३७(१) मध्ये घरखर्च धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही हे स्पष्ट होतं. नमुन्यांचे पैसे मात्र खर्चात राहिले, आणि राहायलाच हवेत. फक्त ते वेगळ्या ओळीत आले, त्यामुळे काकांना पहिल्यांदा कळलं की नवीन गिऱ्हाईक लावण्यासाठी ते वर्षाला जवळपास १९ हजार रुपयांचा चहा वाटतात.

परतावा आणि व्याज

क्रेडिट परत करायचे एकूण १,५६० रुपये, ७८० आणि ७८०. मार्च २०२५ चं जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचं होतंच. त्यात `4(B)(1)` या रकान्यात ते दाखवले. कलम १७(५) खालचं कायमचं गेलेलं क्रेडिट तिथेच जातं. `4(B)(2)` हा पुढे परत मिळवता येणाऱ्या क्रेडिटचा रकाना आहे. तिथे चुकून टाकलं तर कायमची गेलेली रक्कम तात्पुरती असल्यासारखी दिसते. हा माल परराज्यातून थेट मागवला असता तर क्रेडिट आयजीएसटीत असतं आणि परतही तिथूनच केलं असतं.

खरं तर ही रक्कम ज्या त्या महिन्याला परत करायला हवी होती. काका दर महिन्याला क्रेडिट पूर्ण वापरून वर रोख कर भरतात, म्हणजे ते क्रेडिट वापरलंही गेलं होतं. अशा वापरलेल्या क्रेडिटवर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. महिनावार मांडलं तर ते सव्वाशे ते दीडशे रुपयांच्या दरम्यान आलं. रक्कम नगण्य, तरी आम्ही भरली. मोठ्या दुकानात हीच चूक हजारांत जाते.

नमुन्यांच्या वहीबद्दल मी काकांना आग्रहाने सांगितलं. जीएसटीच्या नियम ५६(२) प्रमाणे साठ्याच्या नोंदवहीत आरंभीची शिल्लक, आलेला माल, विकलेला माल यांबरोबर हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला माल वेगळा दाखवावा लागतो. काकांच्या वहीत ठिकाणं होती, तारखा होत्या. त्यामुळे ६० किलो नमुनेच होते हे दाखवता येत होतं. ती वही नसती तर मी ते जाहिरातीत टाकायला धजावले नसते.

ओळखीच्या दुसऱ्या दुकानदारांनी हे ऐकून विचारलं, म्हणून दोन गोष्टी इथेच सांगते. जो कंपोझिशन योजनेत आहे त्याने क्रेडिट घेतलेलंच नसतं, तेव्हा परत करायचं काही नाही; त्याची खरेदीच करासह असते, म्हणून उचलही करासह किमतीने, किलोला ३१५ ने. आणि दुकान भागीदारीत असेल तर माल ज्याच्या घरी गेला त्याच भागीदाराच्या उचल खात्याला नावे टाकायचा, दोघांत वाटायचा नाही. यावरून भाऊ-भाऊ तुटलेले मी पाहिले आहेत, आणि भांडण शेवटी डाळ-तांदळाचंच निघालं होतं.

एप्रिलपासून डब्यांच्या बाजूला खिळ्याला दोन वह्या टांगल्या आहेत. एकीवर "घर", दुसरीवर "नमुने". वर जाणारा चहा आता दुकानातला वजन करणारा तो मुलगाच तोलतो, लिहितो आणि काकूंची सही घेतो. ३० एप्रिलला पुन्हा मोजणी केली. दोन्ही वह्यांतला माल वजा केल्यावर फरक निघाला पावणेतीन किलो. मुलाने डब्यांच्या तळाची भुकटी झाडून एका पाकिटात भरून ठेवली होती. काकांनी ते पाकीट काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.